अर्धशिशीची गोळी आणि पहिले 28 दिवस

अर्धशिशीचे झटके कमी व्हावेत म्हणून काही महिलांना सोडियम व्हॅल्प्रोएट दिले जाते. गर्भाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. पाळी दोन आठवडे लांबली, आता चाचणी करू, असे म्हणेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. पोटात असताना हे औषध मिळालेल्या दहातील एका बाळाला जन्मजात व्यंग असते. 30 ते 40 टक्के मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. फॉलिक ॲसिडने हा धोका टळत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये गरोदरपणी अर्धशिशीसाठी त्याला मनाई केली. ते योग्यच, अपस्माराचा झटका जिवावर बेततो, अर्धशिशीला दुसरी औषधे आहेत. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून प्रोप्रानोलॉलसारखा पर्याय विचारावा. टोपिरामेट मात्र नको, तेही गर्भाला घातक. गोळी बदलेपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधक हवेच.