लॅमिनेट केलं म्हणून ओरिजिनल होत नाही

कंधारच्या झेरॉक्सच्या दुकानात ई-पॅनची रंगीत प्रिंट काढायची, लॅमिनेट करायची आणि खातं उघडताना व्हिडिओ केवायसीच्या कॉलवर तीच धरायची. बँकवाला नाही म्हणाला की, 'बँकेची नाटकं' म्हणून आपण मोकळे! पण इथं माझं मत बँकेच्या बाजूनं आहे.

रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ओळख पटवायला परवानगी दिली. ई-पॅनची छापील प्रत त्यात चालत नाही, असं तिच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. ई-पॅनचा खरेपणा पीडीएफमधल्या डिजिटल सहीत असतो. कागदावर त्या सहीचं नुसतं चित्र उरतं, ते तपासणार कसं? तुमच्या पॅनवर दुसऱ्याचा फोटो टाकून प्रिंट काढायला किती वेळ लागतो, सांगा बरं! ही अडवणूक तुमच्याच नावाची राखण आहे.

म्हणून मूळ कार्ड दाखवा. ते नसेल तर पीडीएफ चालेल का, हे बँकेला आधीच विचारा. कार्ड पाकिटातून काढा, उजेड समोरून घ्या, कडेनं धरा. बोट फोटोवर किंवा नंबरवर नको. चकाकी आली तर कार्ड जरा तिरकं करा आणि अक्षरं स्पष्ट होईपर्यंत हात हलवू नका.

आणि शेजारी बसलेल्या दादाला गप्प बसवा. कुणी उत्तरं पढवतंय असं दिसलं, तर अर्ज नाकारायचा, हाही नियमच आहे.