चाळीस मिनिटांची भेट

गडचांदूरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी मुलासाठी स्थळ पाहणे चालू होते. मुलगी चंद्रपूरची, सनदी लेखापालाच्या कार्यालयात नोकरी करणारी. दोघांच्या तीन भेटी झाल्या आणि तिन्ही तिच्याच सोयीने ठरल्या: रविवारी सकाळी अकराला, चंद्रपुरातील गजबजलेल्या उपाहारगृहात, जेमतेम चाळीस मिनिटे. मुलाने एकदा सायंकाळी मोटारीने फिरून येऊ असे सुचवले, ते तिने नाकारले. घरच्यांनी निष्कर्ष काढला, "मुलीचे मन नाही."

मुलाच्या काकांना हे पटले नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरातील मुलीने सायंकाळ नाकारली, यावरून काहीच सिद्ध होत नाही, असे ते म्हणाले. शिवाय विवाहाच्या संकेतस्थळांवरून होणारी फसवणूक एवढी वाढली की २०१६ साली केंद्र सरकारला त्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. अनोळखी माणसाला दिवसा, चारचौघांत भेटणे ही त्यानंतरची साधी रीत झाली आहे.

त्यांनी पुतण्याला विचारले, "नकार दिल्यावर तिने दुसरा दिवस सांगितला का?"

"हो काकाजी. त्याच वेळी पुढचा रविवार सांगितला."

"आणि काही विचारले?"

दुसऱ्या भेटीत तिने दुकानाची उधारी किती थकते, घरात हिशेब कोण पाहते, हे विचारले होते. तिसऱ्या भेटीत, पहिल्या वेळी ओझरता उल्लेख झालेल्या आजीच्या गुडघेदुखीची चौकशी केली होती.

काकांना आदल्या वर्षीचे स्थळ आठवले. तेथेही भेट दिवसा आणि थोडक्यात झाली होती. पण पुढच्या दोन भेटी रद्द झाल्या, दुसरी तारीख मिळाली नाही, आणि फोन प्रत्येक वेळी याच घरातून गेला. वेळ आणि जागा दोन्हीकडे सारखीच होती. फरक त्या मर्यादेच्या आत काय घडले यात होता. नव्या गिऱ्हाइकाला व्यापारीही आधी थोडीच उधारी देतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते का हे पाहतो.

सायंकाळचा आग्रह पुन्हा धरून तिची परीक्षा पाहावी, असे घरात कोणी सुचवले. काकांनी ते मोडून काढले. सावध व्यक्तीही आग्रहापुढे मागे सरते आणि उदासीन व्यक्तीही. मग कळणार काय? त्याऐवजी चौथी भेट तिच्याच अटींवर ठेवून सरळ विचारण्याचे ठरले. अर्थात सावधपणा म्हणजे होकार नव्हे, हेही त्यांनी पुतण्याला बजावले.

चौथ्या रविवारी मुलाने विचारले, "वेळ कमी ठेवता, ती सावधगिरी म्हणून, की मनात नाही म्हणून?"

ती म्हणाली, "आधीच्या एका स्थळात नोकरीची माहिती खोटी निघाली. तुमच्याविषयी बाबांची चौकशी अजून चालू आहे. मन नसते तर दुसऱ्यांदाच आले नसते. पण होकार आज मागू नका."

पुढची भेट तिने भद्रावतीच्या पार्श्वनाथ मंदिरात सुचवली, दोघांच्या आयांसह. वेळ सकाळी दहाची. किती वेळ थांबायचे, ते या खेपेस तिने सांगितले नाही.