एक एप्रिलचा ‘बिल नंबर एक’

बिलिंग सॉफ्टवेअर हा आपल्या कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांचा आवडता प्रोजेक्ट. दरवर्षी चार-पाच ग्रुप तरी तो घेतातच. स्क्रीन छान असते, रिपोर्ट निघतात, व्हायवाही होऊन जातो. पण माझं स्पष्ट मत आहे की यातले बरेचसे प्रोजेक्ट ३१ मार्चच्या रात्री बारा वाजता मोडतात. आपल्याला ते कधीच कळत नाही, कारण आपलं काम जुलैत सुरू होतं आणि मार्चमध्ये सबमिशन होतं. मार्च एंड ओलांडायची वेळ त्या प्रोग्रॅमवर आपल्या देखत येतच नाही!

कसं ते सांगतो. व्यापाऱ्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि त्या दिवशी त्याला बिल नंबर एकपासून हवा असतो. मग आपण लिहितो ते असं काहीतरी:

```sql
SELECT COALESCE(MAX(bill_no), 0) + 1
FROM bills
WHERE bill_date >= '2025-04-01';
```

नवीन वर्षात एकही बिल नाही, म्हणून उत्तर आलं १. पण टेबलमध्ये मागच्या वर्षाचा १ नंबर आधीच बसलेला आहे. कॉलमवर UNIQUE असेल तर पहिल्याच गिऱ्हाइकाला एरर येते आणि दुकानात आरडाओरडा होतो. UNIQUE नसेल तर काहीच होत नाही, बिल गुपचूप छापून निघतं. मला विचाराल तर आरडाओरडा परवडला. गुपचूप चाललेलं काम काय करतं ते मी एका इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात पाहिलंय.

त्या दुकानात ९ एप्रिल २०२४ चं ४२ नंबरचं बिल होतं १८,४०० रुपयांचं, एका कॉन्ट्रॅक्टरचं. त्याचे पैसे कधीच चुकते झाले होते. पुढच्या वर्षी ८ एप्रिल २०२५ ला पुन्हा ४२ नंबर आला, ६,७५० रुपयांचा, एका शाळेच्या नावाने. शाळेने चेक दिला. हिशेब लिहिणाऱ्या काकांनी पावतीच्या स्क्रीनवर बिल नंबर ४२ टाकला. प्रोग्रॅमने टेबलमध्ये पहिला ४२ शोधला, तो जुना निघाला, आणि शाळेचे पैसे कॉन्ट्रॅक्टरच्या खात्यात जमा! काही आठवड्यांनी शाळेला वसुलीचा फोन गेला. पैसे देऊन बसलेल्या माणसाला ‘बाकी कधी देताय?’ असं विचारल्यावर तो काय बोलेल, ते इथे छापता येणार नाही.

गंमत म्हणजे दुकानाची एकूण येणे बाकी बरोबर जुळत होती. शाळेकडे ६,७५० येणे जास्त दिसत होतं आणि कॉन्ट्रॅक्टरचे ६,७५० जादा जमा दिसत होते. बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून महिन्याच्या शेवटी हिशेब तपासूनही काही सापडलं नाही. अशी गडबड बेरजेत शोधू नका, खातेवार यादीत शोधा. ॲडव्हान्स न देता ज्याची रक्कम जमा दिसते, ते खातं आधी उघडून बघायचं.

आता काही जण म्हणतील, नंबर एकपासून सुरू करायची हौसच कशाला? चालू ठेवा की पुढे! तसं करता येतं, कायद्याची आडकाठी नाही. पण व्यापाऱ्याची पद्धतही चुकीची नाही. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांत, नियम ४६ मध्ये, बिल नंबर ओळीने असावा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि एका आर्थिक वर्षात एकमेव असावा, एवढंच म्हटलंय. म्हणजे मागच्या वर्षी ४२ आणि यंदाही ४२ हे कायद्याला चालतं. ई-इनव्हॉइसचा आयआरएन बनवतानाही विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि कागदाचा नंबर असे चार धागे एकत्र घेतात. सरकारने वर्ष धरलं, व्यापाऱ्याने धरलं, फक्त आपल्या प्रोग्रॅमने सोडून दिलं. नंबर पुन्हा एकवर आला हा दोष नाही. वर्षाशिवायचा नंबर ही बिलाची पूर्ण ओळख मानली, हा दोष आहे. ‘रूम नंबर १२’ एवढ्यावर पार्सल पाठवलं तर ते कुठल्या विंगमध्ये जाईल, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मग ‘वर्ष लावू की पुढे’ म्हणून घाईत YEAR(bill_date) लावणारेही भेटतात. ते तर जास्त धोक्याचं. समजा महिन्याला १०० बिलं होतात. एप्रिल ते डिसेंबर २०२४ मध्ये ९०० झाली. जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये ‘2025/0901’ ते ‘2025/1200’ गेली. एप्रिलमध्ये पुन्हा ‘2025/0001’ सुरू. धंदा वाढून महिन्याला १२० बिलं झाली, तर नोव्हेंबरच्या मध्यावर ‘2025/0901’ दुसऱ्यांदा छापला जाईल. म्हणजे चूक एप्रिलची आणि दुखणं दिवाळीनंतर! तेव्हा एप्रिलची आठवण कोणाला येणार?

आर्थिक वर्ष काढणं अवघड नाही. महिना चारपेक्षा लहान असेल तर इसवी सनातून एक वजा करा, ते वर्ष सुरू झाल्याचं साल. पण हे बिलाच्या तारखेवरून काढा, कॉम्प्युटरच्या घड्याळावरून नको. ३१ मार्चच्या मालाचं बिल २ एप्रिलला एंटर होणं दुकानात नेहमीचं आहे. त्याला जुन्या वर्षाचा पुढचा नंबर मिळाला पाहिजे. म्हणून दर आर्थिक वर्षाचा काउंटर वेगळा ठेवायचा आणि एप्रिलचे पहिले काही दिवस दोन्ही काउंटर जिवंत राहू द्यायचे. टेबलवर कुलूप असं:

```sql
UNIQUE (fin_year, series, bill_no)
```

पावतीचं टेबल बिलाशी जोडताना मात्र छापील नंबर वापरू नका. आतला, गिऱ्हाइकाला न दिसणारा आणि कधीच एकवर न येणारा आयडी वापरा. छापताना ‘A/25-26/0001’ असं छापा, बारा अक्षरांत बसतं. ‘INV/2025-2026/00001’ दिसायला भारदस्त आहे, पण ती एकोणीस अक्षरं होतात. नियमात बसत नाहीत.

आणि आधीच घोळ झालेला असेल तर? गिऱ्हाइकाच्या हातात गेलेले नंबर बदलू नका. बिलाच्या तारखेवरून fin_year भरा, मगच UNIQUE लावा. पावत्यांचं काम खरं कष्टाचं. नवीन ४२ बनण्याआधीच्या तारखेची पावती जुन्याचीच असणार, ती आपोआप जोडता येते. त्यानंतरची पावती कुठल्या ४२ ची, हे टेबल सांगू शकत नाही. रक्कम आणि चेकवरचं नाव बघून माणसालाच ते ठरवावं लागतं. त्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातही शेवटी पावतीपुस्तक काढून बसावं लागलं.

म्हणून माझी एक सूचना आहे, विद्यार्थ्यांना आणि सरांनाही. व्हायवाला रंगीत रिपोर्ट बघण्याआधी तीन एंट्र्या करायला लावा: एक ३१ मार्चची, एक १ एप्रिलची आणि मग पुन्हा एक ३१ मार्चची. नंतर १ एप्रिलच्या बिलाचे पैसे जमा करून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांचे पैसे योग्य खात्यात पडतील, त्यांना माझ्यातर्फे कँटीनचा चहा!