विश्लेषण : सायकलची फ्रेम ॲल्युमिनियमची की पोलादाची?

ॲल्युमिनियमची सायकल हलकी, गंज न धरणारी आणि पुन्हा वितळवता येणारी, म्हणून ती ‘हरित’ असे विक्रेते सांगतात. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरीही खरी, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे.

एक किलो नवे ॲल्युमिनियम विद्युत अपघटनाने मिळवायला सुमारे १४ युनिट वीज लागते. भारतात ही वीज बहुतांशी कोळशावरची. इंधनापासून मोजले, तर किलोमागे साधारण २०० मेगाज्युल ऊर्जा खर्च होते. झोतभट्टीच्या पोलादाला २५ ते ३०. आता फ्रेम पाहा. पोलादी फ्रेम अडीच किलोची धरली, तर सुमारे ७० मेगाज्युल. ॲल्युमिनियमची फ्रेम १.६ किलोची, म्हणजे ३२० मेगाज्युल. वजन एक तृतीयांशाने घटले, ऊर्जा चौपटीहून अधिक झाली. मोटारीत हलकेपणा इंधन वाचवून हे कर्ज फेडू शकतो. सायकलला इंधनच नाही. वाचतो तो चालवणाऱ्याचा थोडा घाम.

मग पुनर्वापराचे काय?

भंगारातून ॲल्युमिनियम करायला नव्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ऊर्जा लागते. तशी फ्रेम ३२ मेगाज्युलच्या घरात येईल, नव्या पोलादापेक्षाही कमी! मेख इथेच आहे. जगात ॲल्युमिनियमची मागणी उपलब्ध भंगारापेक्षा बरीच जास्त आहे. एका कंपनीने भंगार उचलले की दुसरी कंपनी तेवढा नवा धातू घेते. शिवाय काही उत्पादक ‘भंगारापासून बनवली’ म्हणून सुरुवातीला सूट घेतात आणि ‘पुढे वितळवता येईल’ म्हणून शेवटीही. एकाच किलोचे श्रेय दोनदा घेण्याचा हा हिशेब मान्य करता येणार नाही.

भंगारवाला ॲल्युमिनियमला लोखंडाच्या कित्येक पट भाव देतो, त्यामुळे ते कचऱ्यात क्वचितच जाते. पण फ्रेमचा मिश्रधातू इंजिनच्या सिलिकॉनयुक्त ओतीव भागांबरोबर वितळला, तर त्यातून पुन्हा फ्रेमची नळी होत नाही. ओतीव भागच होतात. पोलाद चुंबकाने सहज वेगळे होते. त्यात मिसळलेले तांबे मात्र तेही सोडत नाही.

रोजच्या वापराच्या सायकलला पोलादच बरे, याचे आणखी एक कारण दुरुस्ती. साध्या पोलादी फ्रेमचा तुटलेला सांधा वेल्डिंगवाला जोडून देतो. ६०६१ या नेहमीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा सांधा वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतो. ताकद परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत घालून उष्णता-प्रक्रिया करावी लागते. ती सोय गल्लीतल्या दुकानात नसते आणि फ्रेम भंगारात जाते. कोकण किनाऱ्याची खारी हवा हा अपवाद. तिथे रंग उडालेली पोलादी नळी आतून कुजते, आणि १० वर्षांत दोन पोलादी फ्रेम लागल्या तरी त्यांची बेरीज १४० मेगाज्युलच होते.