अस्सलबरहुकूम

आमच्या विट्यात सोनं गाळायला भट्टीचं नवल नाही. या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, त्यामुळे घरटी एखादा तरी पाहुणा मूस आणि टाकणखाराची भाषा बोलतो. तरीही गेल्या महिन्यात आमच्या घरी एका गलाईवाल्याला चोर ठरवायची पाळी आली होती, आणि दोष त्याचा नव्हता. दोष आमच्या भाच्याच्या सुंदर अक्षराचा होता.

झालं असं. सौभाग्यवतींनी जुन्या पाटल्या मोडल्या. गलाईवाल्याने चिठ्ठी दिली. तिचा मी मोबाईलवर फोटो काढला, आणि मूळ चिठ्ठी शर्टाच्या खिशातून थेट धुण्यात गेली. मग भाच्याने फोटोवरून घरच्या हिशेबाच्या वहीत नक्कल केली. काय ती नक्कल! तांबड्या शाईने रेघा, एकाखाली एक आकडे: वजन 24.600 ग्रॅम, टंच 91.20, शुद्ध सोने 22.235 ग्रॅम.

सौभाग्यवती हिशेबाला पक्क्या. त्यांनी 24.600 ला 0.912 ने गुणलं. उत्तर आलं 22.435.

"दोनशे मिली सोनं गेलं कुठं?" त्यांनी मला विचारलं. जसं काही मीच ते चहातून प्यायलो होतो.

मी फोटो पुन्हा उघडला. चिठ्ठीच्या डाव्या समासात, तिरक्या अक्षरात गलाईवाल्याची बारीक आकडेमोड होती: 24.600 वजा 0.220, बाकी 24.380. खाली 24.380 गुणिले 0.912, उत्तर 22.23456. म्हणजे पाटल्या वितळल्यावर 220 मिलिग्रॅम घट आली. सांध्यातला साबण, कणीक आणि वर्षानुवर्षांचा मळ मुशीत जळून गेला, आणि जी लगड उरली तिच्याच वजनाला टंच लावला. माणूस सरळ होता. त्याचा सरळपणा समासात होता, आणि समास आमच्या भाच्याने कापला होता!

"मामा, ते कच्चं काम होतं," भाचा म्हणाला. "नक्कल स्वच्छ नको का?"

नको! कचेरीत पूर्वी नकलेवर 'अस्सलबरहुकूम' असा शेरा असायचा. अस्सलात जे आहे ते नकलेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यात 'नक्कल करणाऱ्याला आवडेल तेवढे' असं कुठं लिहिलेलं नसायचं. फर्मा नावाच्या फ्रेंच न्यायाधीशाने एका गणिताच्या पुस्तकाच्या समासात एक प्रमेय खरडलं, आणि सिद्धता सुंदर आहे पण समासात मावत नाही, असंही लिहून ठेवलं. त्याचं ते पुस्तक पुढे हरवलं. प्रमेय जगाला मिळालं ते त्याच्या मुलाने 1670 साली बापाच्या समासातल्या नोंदींसह पुस्तक छापलं म्हणून. त्याची सिद्धता छापून यायला 1995 साल उजाडलं. त्या मुलाला आमच्या भाच्यासारखी स्वच्छतेची आवड असती तर?

शेजारचे निवृत्त हेडमास्तर मात्र भाच्याच्या बाजूचे. "अहो, त्याच समासात 'दूध अर्धा लिटर' पण लिहिलंय. तेही उतरवायचं?"

ते मीच लिहिलं होतं, नंतर, निळ्या शाईने. गलाईवाल्याची शाई काळी. तेव्हा माझा तोडगा सोपा आहे. मधला मजकूर मध्ये, आणि त्याच्याखाली 'समासात' असं लिहून तिथली आकडेमोड जशीच्या तशी. चुकली असेल तर चुकलेलीच. खोडलेला आकडा 'खोडलेला' म्हणून. लागत नसेल तर 'लागत नाही' असं लिहून, अंदाजाने भरून नव्हे. आणि दुधाची 'दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हातची नोंद' एवढी एक ओळ. दुधाचा भाव लिहायची गरज नाही.

हेडमास्तरांना एक गोष्ट मी मोठ्या मनाने देऊन टाकली. प्रश्नपत्रिकेच्या फोटोवरून दुसऱ्या मुलाला सरावासाठी पेपर उतरवायचा असेल, तर समासातली पेन्सिलीची गणितं गाळावीत. नाहीतर प्रश्नाबरोबर उत्तरही हाती पडायचं. पण उत्तरपत्रिका असेल तर गाळू नये. कच्च्या कामात 17 सक 102 बरोबर, आणि पक्क्यात 120 असेल, तर त्या पोराला पाढा येतो, उतरवताना हात चुकतो. ही दोन दुखणी वेगळी, औषधं वेगळी. कच्चं काम गाळलं की पोराला उगाच पाढे घोकायला बसवायचे.

भाच्याने नक्कल नव्याने केली, समासासकट. सौभाग्यवतींनी ती वाचली, घट पाहिली आणि गलाईवाल्याला माफ केलं. मला मात्र अजून नाही. मूळ चिठ्ठी धुण्यात कोणी घातली, हे त्यांनी त्याच वहीच्या समासात लिहून ठेवलं आहे.