डबीतली झोपेची गोळी

गणपतीच्या महाप्रसादाला पुन्हा तोच सल्ला ऐकला: आई-बाबा अमेरिकेला येणार असतील तर गोळ्या पाकिटांतून काढून वारांच्या डबीत भरा, ओझं कमी होतं, विमानतळावर कोण बघतंय? मला राग आवरला नाही. डबीत शुगरच्या गोळीशेजारीच झोपेचीही गोळी असते.

औशाच्या माझ्या मावशीचं उदाहरण घ्या. लेकीकडे अमेरिकेला निघायच्या दोन महिने आधी आम्ही व्हिडिओ कॉलवर तिची औषधं पाहिली. एका गोळीला ती वर्षानुवर्षं ‘बीपीची’ म्हणत होती. चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव होतं. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं तेव्हा कळलं, प्रोप्रॅनोलॉलसोबत त्यात झोपेचं एटिझोलामही आहे. आपल्याकडे एटिझोलाम डॉक्टर सर्रास लिहून देतात, कधी एस्सिटॅलोप्रॅमबरोबरही. अमेरिकेत ते जुलै 2023 पासून शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे हेरॉइनच्या यादीत. प्रवाशांना स्वतःच्या उपचारासाठी नियंत्रित औषधं आणायची सवलत असते, पण ती शेड्यूल दोन ते पाचपुरतीच. त्यामुळे एटिझोलामला भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी तारू शकत नाही.

म्हणून गोळी फेकून द्यायची का? मुळीच नाही! रोजची अशी गोळी एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिट येते. मावशीच्या डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली, प्रोप्रॅनोलॉल वेगळं दिलं आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम लावलं. ते अमेरिकेत शेड्यूल चारमध्ये आहे, चिठ्ठीवर चालतं. एवढ्या बदलाला आठवडे लागतात. तिकीट काढलं त्याच दिवशी पाकिटं तपासा, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

औषधांसोबत डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर हवं: औषधाचं मूळ नाव, आजार, रोजची मात्रा, एकूण गोळ्या, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. पेशंटचं नाव पासपोर्टवर आहे तसंच. गावाकडे चिठ्ठीवर नुसतं ‘काकू’ किंवा माहेरचं नाव असतं, ते बदलून घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत ठेवा आणि कस्टम्सला स्वतःहून सांगा.

सूर उपदेशाचा लागला, माफ करा. पण आपली म्हातारी माणसं अनोळखी भाषेत अधिकाऱ्यासमोर एकटी उभी राहतात, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

वाटेत दुबईत विमानतळाबाहेर पडून दोन दिवस राहणार असाल तर अशा नियंत्रित औषधांसाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधीच काढावी लागते. आणि शेजारच्या काकांसाठी पाठवलेलं पाकीट आईच्या बॅगेत टाकू नका. पत्र आईच्या नावाचं आहे, काकांच्या गोळ्यांना ते लागू होत नाही.