खाते बंद केले, वर्गणी मात्र चालूच



आपल्याकडे साप्ताहिकाची वर्गणी संपली की अंक येणे थांबते. पुन्हा पैसे भरले तर पुन्हा सुरू. वर्गणी म्हणजे काय, हे आपल्या मनात असे पक्के बसलेले आहे. परंतु परदेशात कामाला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या वर्गण्या अगदी उलट चालतात. तुम्ही "बंद करा" असे सांगेपर्यंत त्या चालूच राहतात. माणूस गाव सोडून, देश सोडून आला तरीही त्या चालू राहतात. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे आमच्या शेजारच्या घरात काय झाले, ते आज सांगतो.

आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी २०२३ साली इंग्लंडातील लेस्टर शहरात वृद्धांच्या देखभालीच्या कामावर गेली. मार्च २०२५ मध्ये आईच्या आजारपणामुळे ती काम सोडून नागपूरला परत आली. निघण्याच्या आठवड्यात तिने तिथले बँक खाते बंद केले आणि मोबाईलचे सिमकार्ड काढून टाकले. "आता तिकडचा हिशेब मिटला," असे तिने आईला सांगितले.

सप्टेंबरात तिच्या जुन्या खोलीतल्या मैत्रिणीने मोबाईलवर चार पत्रांचे फोटो पाठवले. पत्रे जुन्या पत्त्यावर येऊन पडली होती. शेवटच्या पत्रावर वसुली करणाऱ्या कंपनीचे नाव होते. वहिनी घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, पोरीच्या नावावर तिकडे कर्ज निघालं म्हणतात. पोलीस तर येणार नाहीत ना?"

आम्ही कागद मांडून बसलो. देणे असे निघाले. व्यायामशाळेचे महिन्याला २६ पौंड होते. तीन महिने पैसे मिळाले नाहीत, म्हणून ७८ पौंड. त्यावर वसुली कंपनीचे ३० पौंड. मोबाईल तिने दोन वर्षांच्या करारावर घेतला होता आणि त्याचे सहा महिने बाकी होते. महिन्याला २१ पौंडांप्रमाणे १२६ पौंड. एकूण २३४ पौंड. पौंडाला ११५ रुपये धरले तरी सुमारे २७ हजार रुपये.

पोरगी म्हणाली, "पण काका, मी तर खातंच बंद केलं होतं. मग ते पैसे मागतात कसे?"

चूक नेमकी इथेच झाली. बँक खाते ही पैसे जाण्याची वाट आहे. करार वेगळा असतो. वाट बंद केली म्हणून करार मोडत नाही. कंपनी पैसे काढायला येते, पैसे मिळत नाहीत, आणि तेवढी रक्कम थकबाकीत जमा होते. व्यायामशाळेच्या करारात एक महिना आधी कळवावे असे लिहिलेले होते. तिने कळवले असते तर २६ पौंडांत सुटका झाली असती.

इंग्लंडात अशा वर्गण्या दोन वाटांनी वसूल होतात. पहिली वाट म्हणजे 'डायरेक्ट डेबिट'. यात कंपनीला तुमच्या खात्यातून पैसे ओढण्याची परवानगी दिलेली असते. बँकेच्या ॲपमध्ये अशा परवानग्यांची यादीच दिसते, त्यामुळे ती शोधायला सोपी. दुसरी वाट म्हणजे कार्डाचा क्रमांक देऊन ठेवणे. चित्रपट, गाणी, अभ्यासाची ॲपे बहुधा या वाटेने पैसे घेतात. ही परवानगी त्या यादीत नेहमी दिसत नाही. म्हणून बँकेचा गेल्या तेरा महिन्यांचा उतारा काढून ओळ न ओळ वाचावी लागते. बारा महिन्यांचा उतारा पुरत नाही, कारण वर्षातून एकदा कापली जाणारी वर्गणी काही दिवस मागेपुढे झाली तर त्यातून निसटते.

आपल्या इथल्या कार्डावरून दरमहा पैसे जायचे असतील तर किमान २४ तास आधी संदेश येतो. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तिकडच्या कार्डावर बँक असा संदेश पाठवेलच असे नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. "कार्ड हरवले, नवे द्या" असे सांगून वर्गणी चुकवता येते असे काहींना वाटते. पण बरेचदा नव्या कार्डाचा क्रमांक बँकेकडून आपोआप त्या कंपनीपर्यंत पोहोचतो आणि वसुली पुढे चालू राहते. वसुली थांबवायची असेल तर बँकेला स्पष्ट सांगावे की या कंपनीची परवानगी मी काढून घेतली आहे. बँकेला ते ऐकावेच लागते. पण करार मोडायचा असेल तर कंपनीलाही वेगळे लिहून कळवावेच लागते.

तिसरा घोटाळा फोनमधला. या मुलीने इंग्रजी परीक्षेच्या तयारीचे एक ॲप घेतले होते, महिन्याला ९.९९ पौंडांचे. परत आल्यावर तिने ते फोनमधून काढून टाकले. परंतु ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. आयफोन असेल तर Settings मध्ये सर्वांत वर आपले नाव असते, ते दाबून Subscriptions मध्ये जावे आणि तिथे बंद करावे. दुसरे फोन असतील तर Play Store उघडून आपल्या चित्रावर दाबावे, Payments & subscriptions मध्ये जाऊन Subscriptions पाहावे. तिचा आयफोन होता. वर्गणी चालू असेपर्यंत आयफोनच्या दुकानातला देश बदलून भारत करता येत नाही, आणि एक बिल जरी थकले तरी नवी खरेदी अडते. सहा महिने ती हाच प्रश्न घेऊन बसली होती, आणि कारण एवढेसे होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे क्रम. विहिरीत उतरलेला माणूस आधी वर येतो, मग दोर सोडतो. इथे दोर म्हणजे मोबाईलचा नंबर आणि बँकेचे खाते. कोणतीही वर्गणी बंद करायला गेले की संकेतांक जुन्या नंबरावर येतो. नंबरच गेला तर आपल्याच खात्याचे दार आपल्याला उघडत नाही. या मुलीचे तसेच झाले. शिवाय तिच्या शिल्लक रजेचे पैसे पुढच्या महिन्यात जमा व्हायचे होते. खाते नसल्यामुळे ते मालकाकडे परत गेले आणि मिळवायला तीन महिने पत्रव्यवहार करावा लागला.

म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी सुरुवात करावी. प्रथम उतारा वाचून वर्गण्यांची यादी करावी. प्रत्येकीपुढे किती पैसे, कोणत्या वाटेने जातात, आणि किती दिवस आधी कळवायचे, ते लिहावे. मग प्रत्येक कंपनीला ईमेलने कळवावे आणि "बंद केले" असे उत्तर आल्यावर ते जपून ठेवावे. फोनवर बोलणे झाले तरी त्याची पोच लेखी मागावी. ईमेलचा पत्ता कामाच्या ठिकाणचा असेल तर आधी बदलून स्वतःचा द्यावा, कारण नोकरी सुटली की तो पत्ताही जातो.

मोबाईलच्या कराराचे इंग्लंडात सोपे आहे. INFO असे लिहून 85075 या क्रमांकावर संदेश पाठवला की करार मध्येच मोडल्यास किती पैसे द्यावे लागतील ते कळते. नंबर कायमचा सोडायचा असेल तर STAC असे लिहून 75075 वर पाठवतात. पण आपल्याला नंबर काही महिने हवा आहे. त्यासाठी PAC लिहून 65075 वर पाठवावे. जे संकेताक्षर येईल ते दुसऱ्या कंपनीच्या आगाऊ पैसे भरून चालणाऱ्या सिमकार्डाला द्यावे. नंबर तोच राहतो, दरमहा बिल मात्र उरत नाही. संकेताक्षर ३० दिवस चालते. नुसता संदेश पाठवून करार सुटत नाही. संकेताक्षर वापरले म्हणजे सुटतो, आणि मध्येच सोडल्याचे पैसे द्यावेच लागतात. या मुलीचे १२६ पौंड काही वाचले नसते. परंतु ते आधी कळले असते तर शेवटच्या पगारातून भरले गेले असते. ते नवे सिमकार्ड इकडे आल्यावर फोनमध्ये घालून अधूनमधून वापरावे. बरेच महिने न वापरल्यास कंपनी ते बंद करते.

पत्त्याचे काय? तिथल्या टपाल खात्याकडे, म्हणजे रॉयल मेलकडे, पैसे भरून आपली पत्रे परदेशातील पत्त्यावर वळवता येतात. तीन, सहा किंवा बारा महिन्यांसाठी ही सोय मिळते. हे पैसे फुकट जात नाहीत. तिकडे थकबाकीदारावर दिवाणी दावा लावता येतो आणि दाव्याचे कागद शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवले जातात. उत्तर गेले नाही तर निकाल विरुद्ध लागतो आणि तो सहा वर्षे नोंदीवर राहतो. निकालानंतर महिनाभरात सर्व पैसे भरले तर नोंद काढली जाते. पण पत्रच मिळाले नाही, तर महिना कधी सरला हे कळणार कसे?

शेवटची वर्गणी बंद झाली, शेवटचा पगार जमा झाला, त्यानंतर एक महिना एकही कपात आली नाही, की मग खाते बंद करावे. नंबर त्याच्याही नंतर सोडावा.

आता या मुलीचे काय झाले ते सांगतो. व्यायामशाळेच्या थकबाकीसाठी पोलीस येत नाहीत. तो तिकडे दिवाणी मामला असतो. आखातातील देशांत थकबाकीचे नियम वेगळे आणि कडक असतात, म्हणून हे उत्तर तिथे लावू नये. दावा अजून लागलेला नव्हता. तिने दोन्ही कंपन्यांना आणि वसुली कंपनीला ईमेल लिहिला. देश सोडल्याची तारीख, विमानाच्या पासाची प्रत आणि नागपूरचा पत्ता दिला. "माझ्या हिशेबाचा उतारा पाठवा, तोवर पुढील कारवाई थांबवा, आणि यापुढे पत्रे या पत्त्यावर व ईमेलवरच पाठवा," असे लिहिले. पत्रे जुन्या पत्त्यावर गेल्याचे पाहून वसुली कंपनीने आपले ३० पौंड सोडले. उरलेले २०४ पौंड तिने इथल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून दोन हप्त्यांत भरले. पावत्या मागवून घेतल्या आणि व्यवहार पुन्हा बंद करून टाकले.

वहिनींनी त्या पावत्यांच्या छापील प्रती काढून पोरीच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या पिशवीत ठेवल्या आहेत. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी आजच फोन करून विचारावे, "बाळा, तुझ्या खात्यातून महिन्याला काय काय कापलं जातं, त्याची यादी आहे का तुझ्याकडे?" नसेल, तर ती आत्ताच करायला सांगावी. सामान बांधायच्या दिवशी या कामाला वेळ मिळत नाही.